शब्दचर्चा : ‘सार्थक फरक’ म्हणजे नेमका कसला फरक?

सायली
एम.कॉम.च्या सरावातलं उदाहरण आहे. आठ दुकानांत फरसाणाचं नवं स्टँड ठेवलं. ठेवण्याआधीच्या आठवड्यात किती पाकिटं खपली आणि नंतरच्या आठवड्यात किती, ते असं :

```
दुकान   १   २   ३   ४   ५   ६   ७   ८
आधी    ४२  ६५  ५१  ८८  ३७  ७३  ५९  ४५
नंतर    ४५  ७१  ४९  ९३  ४१  ७४  ६६  ४५
```

सरासरी ५७.५ वरून ६०.५ झाली. दोन गटांची टी-चाचणी लावली तर टी ०.३४ आला, कोष्टकात १४ स्वातंत्र्य मात्रांना २.१४५ आहे. मी लिहिलं, ‘फरक सार्थक नाही, म्हणजे स्टँडमुळे विक्री वाढली नाही.’ मॅडमनी वाक्याचा दुसरा तुकडा खोडला आणि पहिल्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. सार्थक नाही म्हणजे निरर्थकच ना? मग खोडलं का? आणि सरळ ‘लक्षणीय’ का म्हणत नाहीत?

मोरपीस
मला गणितातलं कळत नाही, पण शब्द चुकीचा निवडलाय एवढं कळतं. आपण ‘जन्माचं सार्थक झालं’, ‘पैशाचं सार्थक झालं’ म्हणतो. त्यात काहीतरी फळाला आल्याचा भाव आहे. तीन पाकिटं जास्त खपली यात कसलं आलंय सार्थक? ‘लक्षणीय’ हाच शब्द हवा. नजरेत भरण्याजोगा तो लक्षणीय.

आकडेमोड्या
मोरपीसताई, तिथंच गोची आहे. नजरेत भरण्याशी या चाचणीचा काही संबंध नाही. तीन पाकिटांचा फरक नजरेत न भरताही सार्थक ठरू शकतो आणि तीसचा फरक ठसठशीत दिसूनही ठरणार नाही. विचारायचं इतकंच असतं : स्टँडचा काडीचाही परिणाम नसता, तरी आठवड्या-आठवड्यातल्या नेहमीच्या चढउतारातून एवढा फरक सहज पडला असता का? सहज पडला असता तर शून्य परिकल्पना नाकारायला पुरेसा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे परिणाम नाही असं होत नाही, म्हणून सायलीचा दुसरा तुकडा खोडला गेला.

प्रश्नचिन्ह मात्र शब्दावर नाही, चाचणीवर असावं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे दोन वेगळे गट नाहीतच, दुकानं तीच आहेत. चौथ्या दुकानात ८८ पाकिटं जातात, पाचव्यात ३७. दुकाना-दुकानातली ही तफावत तू चढउतार म्हणून मोजलीस आणि तिच्यात तीन पाकिटं बुडून गेली. त्याऐवजी प्रत्येक दुकानाचा स्वतःशीच फरक काढ : ३, ६, −२, ५, ४, १, ७, ०. आता दुकान मोठं की छोटं हा प्रश्नच उरला नाही. सरासरी ३ च आहे, पण या आठ आकड्यांचं प्रमाण विचलन फक्त ३.१२ येतं. त्याला ८ च्या वर्गमुळानं भागलं की प्रमाण त्रुटी १.१०. टी म्हणजे ३ भागिले १.१०, साधारण २.७२. स्वातंत्र्य मात्रा ७, दुटोकी ५ टक्क्यांना कोष्टकात २.३६५. शून्य परिकल्पना नाकारली जाते.

सायली
बापरे. तीच सोळा निरीक्षणं आणि ०.३४ चे २.७२? स्वातंत्र्य मात्रा तर अर्ध्या झाल्या, मग उलट अवघड व्हायला हवं ना?

आकडेमोड्या
अवघड झालंच, २.१४५ च्या जागी २.३६५ ओलांडावं लागलं. पण प्रमाण त्रुटी ८.९२ वरून १.१० वर आली, त्यापुढे ते नुकसान किरकोळ. दर वेळी असा फायदा होईलच असं नाही. मोठ्या दुकानात आधीही जास्त आणि नंतरही जास्त, असा मेळ असेल तरच होतो. मेळ नसेल तर जोड्या लावून मात्राच तेवढ्या गमावतो.

घाऊकवाला
आमची फरसाणाचीच एजन्सी आहे, म्हणून विचारतो. मी यंदा दसऱ्यानंतर स्टँड दिले आणि दिवाळीपर्यंतची विक्री आधीच्या महिन्याशी ताडून पाहिली. जवळजवळ सगळीकडे वाढ आहे. ही चाचणी लावली तर सार्थक येईलच. मग सगळ्या दुकानांना स्टँड द्यायला हरकत नाही ना?

मोरपीस
काका, दिवाळीत फरसाण स्टँडशिवायही खपतं.

आकडेमोड्या
ताईंना म्हणे गणितातलं कळत नाही! काका, टी फक्त एवढंच सांगेल की वाढ योगायोगाची नाही. ती स्टँडची की सणाची, हे त्याला कळत नाही. थोड्या दुकानांना मुद्दाम स्टँड न देता त्याच काळात त्यांची वाढ बघा आणि दोन्हीकडच्या वाढींची तुलना करा. तिथं मात्र सायलीची मूळ, दोन गटांची चाचणी बरोबर बसेल.

परवडण्याचा प्रश्न आणखी वेगळा. सायलीच्या उदाहरणात ९५ टक्के विश्वासांतर साधारण ०.४ ते ५.६ पाकिटं येतं. अर्ध्या पाकिटासाठी तुम्ही स्टँडचा खर्च कराल का? फरक सार्थक आहे आणि तरी सौदा तोट्याचा, असं होऊ शकतं.

इंटरचा अभ्यास
एवढी आकडेमोड कशाला? एक्सेलमध्ये आधीची विक्री B2 ते B9, नंतरची C2 ते C9 मध्ये टाका आणि

```
=T.TEST(B2:B9,C2:C9,2,1)
```

शेवटचा 1 जोडीच्या चाचणीचा. ०.०३ च्या आसपास येतं. म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के, स्टँड चालतंय याची ९७ टक्के खात्री. संपला विषय.

आकडेमोड्या
सूत्र बरोबर. शेवटी 1 ऐवजी 2 टाकलंत तर ०.७४ येईल, एका अंकात निकाल फिरतो. पण ‘९७ टक्के खात्री’ काढून टाका. ही ०.०३ काढलीच आहे शून्य परिकल्पना खरी धरून. ती खरी असताना एवढा किंवा याहून टोकाचा फरक १०० पैकी ३ वेळा दिसला असता, इतकाच तिचा अर्थ. जे धरून चाललो, त्याच्याच खरेपणाची शक्यता त्यातून कशी निघेल?

इंटरचा अभ्यास
परीक्षेत माझं वाक्य लिहून मार्क मिळालेत.

आकडेमोड्या
मिळत असतील. सायली, उत्तर काढण्याआधी एकदा फरकांच्या रांगेवरून नजर टाकत जा. समजा सातव्या दुकानाचे ६६ टाईप करताना १०६ झाले. सरासरी फरक ३ वरून ८ वर जाईल, पण प्रमाण विचलनही फुगेल आणि टी १.४२ वर उतरेल. सरासरी वाढली आणि टी घसरला, तर एखादा आकडा रांगेबाहेर गेलाय का ते आधी बघायचं.

सायली
कळलं. पण प्रश्नात ‘विक्री वाढली का’ असं आहे. मग एकटोकी घ्यायची ना?

आकडेमोड्या
हो, आणि ते आकडे बघण्याआधी ठरवायचं. ७ मात्रांना एकटोकी ५ टक्क्यांची किंमत १.८९५, म्हणजे निकाल तोच. मात्र पातळी १ टक्का धरलीस तर एकटोकीला २.९९८ लागतात आणि २.७२ तिथं पोचत नाही. म्हणून उत्तरात नुसतं ‘सार्थक’ लिहू नकोस, ‘५ टक्के पातळीला सार्थक’ लिही.

मोरपीस
म्हणजे पातळी बदलली की सार्थकही बदलणार? मग माझी हरकत जास्तच पक्की झाली. लक्षणीयही नको असेल तर ‘योगायोगापलीकडचा फरक’ म्हणा की.

इंटरचा अभ्यास
ताई, कोष्टकाच्या मथळ्यात मावेल असं काहीतरी सुचवा.