मदत हवी आहे: मोठ्याने वाचल्यावर एक वाक्य अजून टोचतंय

फोंड्यात आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाची वर्गणी चवथीपूर्वी गोळा करायची आहे. राहिलेल्यांसाठी लिहिलेला मेसेज मनात वाचला तेव्हा ठीक वाटला. मोठ्याने वाचताना मात्र "तीनदा सांगूनही आपण" इथे माझाच आवाज चढला. मग शेजारच्या काकांच्या जागी बसून वाचला. आधीचे मेसेज त्यांनी पाहिलेच नसतील, तर हा थेट आरोप! ते काढलं.

आता उरलंय: "रविवारपर्यंत ५०० रुपये जमा करावेत, ही विनंती." बायकोला काही न सांगता वाचायला दिलं, तर तिने नोटीस वाचावी तसं वाचलं. "जमेल तसे" घातलं तर रविवार कोण पाळणार? तुम्ही कसं लिहाल?