अर्जातली गोष्ट तुम्ही कशी निवडलीत? अनुभव लिहा

रावपुऱ्याची: यूकेत शिकायला मिळते त्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय, नेतृत्वावरच्या निबंधाशी अडलेय. लिहिण्यासारखं चारपाच आहे पण कुठलं घ्यावं कळत नाही. ज्यांनी भरलेत त्यांनी कशी निवड केली ते सांगा ना. 'मनापासून लिही' नको, ते आई पण सांगते.

विश्वामित्रीकाठ: मला मिळाली होती. कॅलेंडरच्या मागे १४ प्रसंग एकेका ओळीत लिहिले, सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणासकट. मग प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न विचारले, ठरवलं कोणी, आधी 'नाही' म्हणणारं माझ्यामुळे कोण वळलं, आणि मी गेल्यावर काय टिकलं. ते लोक नेतृत्वाबरोबर प्रभावही बघतात म्हणून मधला प्रश्न. सगळ्यात आधी कटला तो माझा लाडका, २०२४ च्या ऑगस्टचा पूर. कंबरभर पाण्यात पाकिटं वाटली, फोटो पण आहेत, पण यादी दुसऱ्याची, टेम्पो दुसऱ्याचा. 'आम्ही' काढून 'मी' घातलं तर वाक्य खोटं वाटायला लागलं. उरलं ते अगदी बोरिंग, दवाखान्यात लसीकरणाची तीच माहिती दोन रजिस्टरांत भरायचे, मी म्हटलं एकच ठेवू, मोठ्या सिस्टर सहा आठवडे ऐकेनात, शेवटी एका शनिवारी त्यांच्या शेजारी बसून दोन्ही भरली आणि घड्याळ लावलं तर पाऊण तास जास्त. मग बाकीच्यांना त्यांनीच पटवलं. मी नोकरी सोडली तरी एकच रजिस्टर चालू आहे. शिकायचं होतं सार्वजनिक आरोग्य, त्यामुळे करिअरच्या निबंधाशी पण सांधा जुळला.

मोरूकाका: नेतृत्व म्हटलं की पद लागतंच. मी मंडळाचा ३ वर्षं खजिनदार, मी तेच लिहिलं असतं. आकडे मात्र द्या, ते हवेतच.

विश्वामित्रीकाठ: काका, माझ्याकडे कुठलंच पद नव्हतं हो. नुसती खजिनदारकी बायोडेटात मावते. पण वर्गणीचा हिशोब तुम्ही पहिल्यांदा फळ्यावर लावला असेल आणि कोणी चिडलं असेल, तर ती गोष्ट.

मोरूकाका: चिडले ना! दोघं अजून बोलत नाहीत.

खारीशिंग: लेकाला शाळेत वक्तृत्वात दुसरा नंबर आलाय, तो पण लिहिता येईल का? बारावीत आहे.

रावपुऱ्याची: ताई, याला दोन वर्षांची नोकरी लागते, त्याला वेळ आहे.

अलकापुरीकर: माझी चूक सांगतो. एकच दमदार किस्सा होता, तो नेतृत्वात पण टाकला आणि नेटवर्किंगच्या निबंधात पण, दोन्हीकडे अर्धा अर्धा झाला. नेटवर्किंगसाठी यादी परत चाळायला हवी होती, तिथे ओळखी कशा जमवल्या आणि टिकवल्या ते हवं. इंटरव्ह्यूला बोलावलं नाही, ह्याच्यामुळेच का ते कोण सांगणार.

रावपुऱ्याची: माझ्या यादीत एकच प्रसंग तिन्ही प्रश्नांत बसतोय, पण शेवटी तो फसला. वर्षभराने बंद पडलं.

विश्वामित्रीकाठ: म्हणजे तिसऱ्यात नापास ना? बंद का पडलं त्यावर आहे. मी घेतला नसता, पण माझ्या बॅचमधल्या एकीने असाच घेतला होता आणि तिला मिळाली.

अलकापुरीकर: तिने नंतर काय बदललं तेही लिहिलं असणार.

रावपुऱ्याची: तेच तर, मी अजून काही बदललेलं नाही.