चांगल्या महिन्यात किती बाजूला काढायचं?

रेघोट्या: मी चित्रं काढून देते, कामं सुटी सुटी. सहा महिन्यांत हातात आलेले पैसे, हजारांत: 70, 25, 40, 15, 55, 35. मोठ्या महिन्यात 20 टक्के बाजूला काढते, तरी चौथ्या महिन्यात उसने घ्यावे लागले. टक्का वाढवू?

जमाखर्च: टक्का सोडाच. 70 आले तेव्हा 14 बाजूला पडले, 56 मोकळे राहिले आणि मोकळे पैसे उडतातच. सगळी कमाई एका वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि दर महिनाअखेरीस तिथून स्वतःला ठरलेला पगार द्या. सरासरी 40 आहे, पण पगार 34 धरा. महिनाअखेरची शिल्लक मग अशी: 36, 27, 33, 14, 35, 36. एकदाही उसनवारी नाही.

शंकेखोर: तुमचं नशीब की 70 पहिले आले. 15 आणि 25 आधी आले असते तर?

जमाखर्च: बरोबर. तर 28 चा खड्डा पडला असता, म्हणून पगार सुरू करण्याआधी निदान तेवढे साठलेले हवेत. आणि बिल पाठवलं म्हणजे पैसे आले असं धरू नका, खात्यात पडले की मगच मोजा. कराचे पैसे तर त्याआधीच वेगळे.

बाजारभाव: एवढे पडून ठेवण्यापेक्षा शेअर घ्या ना, वाढतील तरी.

शंकेखोर: आणि कोरड्या महिन्यातच भाव पडलेले असले की तोट्यात विका. हा पैसा वाढवायचा नाही हो, हाताशी ठेवायचा.

मिस्त्री_भाऊ: आम्हाला रोज रोख मिळते, कसला पगार न् कसलं खातं! मी वर्षाची घरखर्चाची गरज वर्षातल्या हजेऱ्यांनी भागतो. गरज 216 हजार, हजेऱ्या 200, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी 1080 रुपये आधी घरच्या डब्यात. वरचे माझे. महिन्याचा हिशोब धरला तर काम बंद असतं तेव्हा फसतो.

जमाखर्च: हे माझ्यापेक्षा सरळ आहे. फक्त हजेऱ्या कमीच धरा.

व्याजबट्टा: उसने डोक्यावर असताना साठा कसला करताय? आधी ते फेडा, व्याज वाचेल.

शंकेखोर: सगळं फेडलं आणि पुढच्या महिन्यात 15 च आले की पुन्हा हात पसरायचा. एका महिन्याच्या गरजेइतकं ठेवून मग फेडा.

व्याजबट्टा: व्याज जबर असेल तर मला ते पटत नाही.

रेघोट्या: पण माझा खर्चच 38 आहे. 34 मध्ये भागत नाही.

जमाखर्च: मग 38 धरून बघा. शिल्लक 32, 19, 21 आणि चौथ्या महिन्यात उणे 2. म्हणजे फक्त 2 हजार कमी पडायला हवे होते. तुम्ही किती घेतले होते?