उत्तर: उत्तर: पिशव्यांवर लेझीमचा फोटो (शुक्रवारच्या आत!!)

मेधा: छपाईवाल्याने ग्रुप फोटोच्या रेखाचित्राची फाइल परत पाठवली. एकच रंग, मरून. राखाडी छटा चालणार नाहीत, आणि 10 इंच रुंदीला 300 डीपीआय हवं म्हणतो. मी फोनच्या ॲपमधला पेन्सिल फिल्टर लावला होता. स्क्रीनवर किती छान दिसत होता हो!

प्रशांत: स्टेबल डिफ्युजन या एआय मॉडेलमधून काढलंय, सोबत जोडलं आहे. दहा मिनिटांचं काम.

नानाकाका: प्रशांत, चित्र झकास. पण आमच्या हिची नथ कुठे गेली? आणि चौदाजण होते, मी इथे पंधरा मोजले. लेझमांची तर धनुष्यं झालीत.

प्रशांत: काका, डिनॉइजिंग, म्हणजे मॉडेलने फोटो किती बदलायचा तो आकडा, 0.65 होता म्हणून. 0.3 केलं की चेहरे जसेच्या तसे.

अनघा: चेहरे राहतील, पण फोटोही फोटोच राहील, रेघा काही उतरणार नाहीत. आकडा वाढवला की रेघा येतात आणि माणसं बदलतात. ग्रुप फोटोत तर फारच, कारण तुझ्या चित्रात एकेक चेहरा जेमतेम 40 पिक्सेलचा, आणि मॉडेल काम करतं ते त्याच्या आठव्या हिश्शावर. पाच घरांत नथ कुठे मावणार? मॉडेलला कंट्रोलनेटची जोड दिलीस तर उभं राहण्याची ठेवण टिकेल, नथ नाही. एकट्याचं पोस्टर असतं तर मीही हेच वापरलं असतं.

मेधाताई, तुमची फाइल 1080 पिक्सेल रुंद आहे, हवी 3000. ताणलीत तर रेघांच्या कडा फुगतील. मूळ फोटो `GIMP` मध्ये घ्या आणि रंग काढा. लेयरची प्रत करून ती भरपूर ब्लर करा, मोड `Divide` ठेवा, मग दोन्ही लेयर एकत्र करून `Threshold` लावा, म्हणजे नुसतं काळं-पांढरं उरेल. मधली ब्लर आणि `Divide` ची पायरी गाळू नका. ऊन डावीकडून आहे, नुसत्या `Threshold` ने उजवीकडचे अर्धे चेहरे काळे होतील. चार पिक्सेलपेक्षा बारीक रेघ कापडावर तुटते, म्हणून आधी घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात काढून बघा.

सतीश: पिशव्या सुती आहेत ना? मागच्या वेळच्यांचे बंद भाजी आणतानाच तुटले. कमिटीला तेव्हाच सांगितलं होतं.

मेधा: सतीश, तो विषय मीटिंगला. अनघा, केलं. तेरा चेहरे ओळखू येतात, पण नानाकाकूंची नथ म्हणजे गालावर डाग दिसतोय. माझ्याकडे फोटो व्हॉट्सॲपवरचाच आहे.

अनघा: तो आकसलेला असतो, आणि त्याचे चौकोनी डागही रेघा होऊन येतात. मूळ कोणाकडे आहे?

नानाकाका: कॅमेरा माझाच होता. कार्ड शोधतो. नाही सापडलं तर नथ हाताने काढा, पण डाव्या नाकपुडीवरच.

प्रशांत: माझ्या चित्रात निदान गालावर डाग तरी नव्हता.