फोटोतला पोशाख बदलताना शब्दांवर किती भिस्त ठेवावी?

सुईदोरा: माझे साड्या आणि ब्लाउजचे छोटे दुकान आहे. एक ताई आमच्यासाठी फोटोत उभ्या राहतात. त्यांच्या संमतीने, त्यांच्या सैल कुर्त्यातल्या फोटोत एआयकडून इरकल साडी नेसवायची आहे. चेहरा, उभे राहण्याची ढब आणि अंगकाठी तीच हवी. ‘चापूनचोपून नेसलेली सुंदर इरकल’ असे लिहिले की कंबर बारीक होते आणि साडी सॅटिनसारखी चमकते. नेमक्या शब्दांनी हे सुधारते का?

उजेड: माझ्या मते शब्दांत वेळ घालवू नये. साडी टेबलावर पसरून तिचा स्वच्छ फोटो संदर्भ म्हणून जोडावा आणि ‘ही साडी नेसवा’ एवढेच सांगावे. काठ आणि पदराची नक्षी शब्दांनी कधीच हुबेहूब उतरत नाही.

आडवा-उभा: नक्षीबाबत उजेड यांचे म्हणणे मला पटते, पण पसरलेल्या साडीच्या फोटोवरून रंग आणि नक्षी कळली तरी कापड अंगावर कसे पडते हे कळत नाही, आणि सुईदोरा यांची तक्रार नेमकी तिथलीच आहे. ‘सुंदर’ आणि ‘चापूनचोपून’ हे शब्द साडीसाठी लिहिलेले असले तरी त्यांचा परिणाम नेसणाऱ्या बाईच्या शरीरावर होतो, म्हणून ते आधी काढावेत. नुसत्या ‘इरकल’ या नावावरही विसंबू नये. मी असे लिहीन: ‘गडद निळी, मॅट, मध्यम जाडीची सुती साडी, काठ लाल, लाल रेशमी पदरावर पांढरी दातेरी नक्षी, निऱ्या रुंद आणि किंचित ताठ, घड्यांच्या कडा स्पष्ट, कापड कमरेला न चिकटता सैल पडलेले, प्रकाश मूळ फोटोप्रमाणे डावीकडून.’ चमक फक्त पदरावर मागितली की साडीच्या अंगाचे सूत सुतासारखे दिसू लागते.

मात्र अंगकाठीच्या बाबतीत एक अडचण शब्दांनी सुटत नाही. सैल कुर्त्याखालची कंबर मूळ फोटोत दिसतच नाही, त्यामुळे ‘तीच ठेवा’ असे कितीही बजावले तरी ती अंदाजानेच काढली जाते. म्हणून जे दिसत नव्हते ते उघडे पडणार नाही असा पोशाख मागावा: ब्लाउजचा गळा कुर्त्याच्या गळ्याइतकाच, बाही कोपरापर्यंत, आणि पदर पोटावरून असा घेतलेला की कमरेची बाजू झाकलेली राहील. खणाच्या ब्लाउजला अशी बाही शोभतेही. एआयला बदलायचा भाग फोटोवर रंगवून दाखवताना डाव्या खांद्यामागे आणि पावलांशी जागा सोडावी, नाहीतर पदराला आणि निऱ्यांना पडायला वाव मिळत नाही. कमरेशी मात्र कुर्त्याच्या कडेबाहेर जाऊ नये.

मोकळा वेळ: ताईंना बारीक दिसायचे नसेल, तर ‘जाड बाई’ असे स्पष्ट लिहावे.

सुईदोरा: त्यांना जाड किंवा बारीक काहीच करायचे नाही. त्या आहेत तशाच दिसाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

जुना अल्बम: मी वडिलांच्या अर्ध्या बाहीच्या शर्टातल्या फोटोला कोट घालून घेतला, तर खांदे रुंद झाले आणि चेहराही थोडा परका वाटू लागला. आईने तो भिंतीवर लावू दिला नाही.

आडवा-उभा: कोटाच्या खांद्यात पॅड असतात, त्यामुळे कडा थोडी बाहेर जाणे स्वाभाविक आहे. नवा फोटो मूळ फोटोवर ठेवून अर्धा पारदर्शक करून पाहावा. डोळे, हनुवटी, कोपर आणि मनगट जागेवर असतील तर ढब तीच आहे. कोपर किंवा मनगट सरकले असेल तर पुन्हा करून घ्यावे. चेहरा आणि पंजे मात्र दर वेळी मूळ फोटोतूनच कापून वर बसवावेत आणि कापलेली कड मऊ करावी. चेहऱ्याचे वर्णन शब्दांत अजिबात करू नये, कारण त्या वर्णनाबरहुकूम नवा चेहरा तयार होतो.

ताणाबाणा: हे सारे तंत्र मान्य केले तरी माझा आक्षेप राहतोच. नव्या सुती इरकलीला खळ असते, त्यामुळे साडी पहिल्या धुण्यापर्यंत अंगापासून जराशी उभी राहते. गिऱ्हाईक साडी घेते ती अंगावर कशी बसेल हे पाहून, आणि इथे ते बसणे आपण वाक्यात लिहून घडवतो. ताईंची संमती आहे, पण गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? प्रत्येक नमुन्याची एक साडी खरोखर नेसवून फोटो काढावा.

उजेड: एका नमुन्यात पाच-सहा रंग असतात. एक रंग खरा नेसवून बाकीचे असे केले, तर पडण्याची पद्धत खऱ्या फोटोतूनच येईल आणि शब्दही कमी लागतील.

ताणाबाणा: कापड तेच असेल तर चालेल. सुती साडीच्या फोटोवरून रेशमी साडी दाखवणे मला तरीही मान्य नाही.

सुईदोरा: माझ्याकडे सुती आणि रेशमी दोन्ही आहेत. सुती साडी ताईंना नेसवून फोटो घेईन. रेशमीचा फक्त पदर जवळून, खऱ्या कापडाचाच, दाखवावा असे वाटते. पण तेवढ्यावर गिऱ्हाईक साडी मागवेल का, हे मला अजून ठरवता येत नाही.