मदत हवी आहे: तिसरा ड्रॉप किचनमध्येच पडतो, तरी पुढे येताना मार का बसतो?

पहाटपाळी_इंदूर

नमस्कार मंडळी. मी आणि बायको गेल्या पावसाळ्यापासून पिकलबॉल खेळतो. लोकमान्य नगरजवळ बॅडमिंटनचा एक हॉल आहे, तिथे सकाळी सहा ते आठ नेट खाली बांधून खेळ चालतो. त्याआधी मी पंधरा वर्षं बॅडमिंटन खेळलो, ती टेबल टेनिस.

अडचण अशी की सर्व्हिस आमच्याकडे असली की आम्ही हरतो. सर्व्हिस समोरच्यांकडे असते तेव्हा आम्ही दोघं पुढे लाइनवर उभे असतो आणि बरे खेळतो. आमची सर्व्हिस असताना मात्र रिटर्न खोल येतो, समोरचे दोघं किचनच्या, म्हणजे नेटला लागून असलेल्या पट्ट्याच्या लाइनवर येऊन ठाकतात आणि आम्ही मागे अडकतो. सगळे म्हणतात तिसरा फटका ड्रॉप मारा, म्हणजे बॉल हळूच उचलून त्यांच्या किचनमध्ये टाका, आणि पुढे या. तो मी महिनाभर घोटला. आता दहातले सहा-सात किचनमध्ये पडतात. तरी मी चार पावलं पुढे येईपर्यंत बॉल माझ्या पायात किंवा छातीवर येतो.

परवा मुलाने बाजूच्या बाकावरून शूटिंग केलं. ते तीनदा पाहिलं. बॉल किचनमध्ये पडतोय हे नक्की. मग चुकतंय कुठे? आणि या फटक्याने पुढे येणं सुरक्षित होतं म्हणतात, ते नेमकं कशामुळे? कारण समजलं तर सराव कशाचा करायचा ते कळेल.

अक्कलकोटवाला

तिसरा फटका म्हणजे दुसऱ्या सर्व्हरनंतरची सर्व्हिस का? डबल्समध्ये तर दोनच सर्व्हर असतात, तिसरा येतो कुठून? आमच्या सोसायटीत यावरून रोज वाद होतो.

पहाटपाळी_इंदूर

नाही दादा, रॅलीतला तिसरा फटका. सर्व्हिस पहिला, त्यांचा रिटर्न दुसरा, आपण मारतो तो तिसरा. रिटर्न टप्पा पडल्यावरच घ्यावा लागतो, म्हणून तोपर्यंत आपल्याला मागेच थांबावं लागतं. सगळी गोची तिथेच आहे.

बेसलाइन_टेनिस

सोपं आहे. किचनमध्ये त्यांना पाय ठेवता येत नाही, म्हणून बॉल किचनमध्ये पडला की ते हतबल. तुम्ही फटका मारला रे मारला की जीव खाऊन लाइनपर्यंत पळा, मधे थांबू नका. तुम्ही हळू पळताय, एवढंच. आणि खरं सांगू, मी ड्रॉपच्या भानगडीत पडत नाही. सरळ ड्राइव्ह हाणतो. निम्म्या वेळा समोरचा घाबरून नेटमध्ये मारतो.

रावपुरा_बडोदे

बेसलाइन भाऊ, निम्मं बरोबर आहे. किचनमध्ये पाय ठेवायला बंदी नाही. बंदी आहे ती तिथे उभं राहून किंवा लाइनवर पाय टेकवून बॉल हवेतल्या हवेत मारायला. टप्पा पडला की खुशाल आत जा आणि मारा. म्हणजे बॉल किचनमध्ये पडला एवढ्यावरून ड्रॉप चांगला ठरत नाही. तो टप्प्यानंतर किती उसळतो यावर ठरतो. धागाकर्त्यांचं दुखणं इथेच असावं असा माझा अंदाज आहे.

नेट मधोमध ३४ इंच असतं, कडेला ३६. समोरच्याला बॉल त्या उंचीच्या खाली घ्यावा लागला तर तो खालून वर उचलूनच मारणार. वर जाणारा बॉल जोरात मारला तर तो बाहेर जातो, म्हणून त्याला हळू मारावंच लागतं. पुढे येणं सुरक्षित होतं ते या एका कारणाने: त्याच्याकडून खाली मारायचा पर्याय काढून घेतलेला असतो. तुम्हाला वेळ मिळतो हा दुसरा फायदा, पण पहिला नसेल तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही.

पहाटपाळी, शूटिंगमध्ये एक बघाल का? तुमचा बॉल हवेत सर्वांत उंच कुठे जातो आणि किती? बाजूला बॅडमिंटनचा खांब दिसत असेल तर त्याच्याशी ताडून सांगा.

पहाटपाळी_इंदूर

आत्ता पाहिलं. खांब दिसतोय. बॉल आमच्याच बाजूला, साधारण मी आणि नेट यांच्या मधोमध सर्वांत उंच जातो. उंची मात्र खांबाच्या जवळजवळ दुप्पट.

रावपुरा_बडोदे

मग सापडलं. खांब पाच फूट एक इंच, म्हणजे तुमचा बॉल दहा फुटांवर जातोय. आता हिशेब बघा. नियमाप्रमाणे बॉल ७८ इंचांवरून कडक फरशीवर सोडला तर ३० ते ३४ इंच उसळायला हवा. त्याच प्रमाणात दहा फुटांवरून पडलेला बॉल चार फुटांच्या आसपास उसळेल. हवेमुळे आणि तुमच्या फरशीमुळे थोडा कमी धरा, तरी नेटच्या वरच. समोरचा एक पाऊल किचनमध्ये टाकतो आणि तो खाली आपटतो. नियमात बसून.

हाच बॉल सात फुटांपर्यंत गेला तर उसळी नेटच्या उंचीच्या आसपास येऊन मरते. त्यातच तो टप्पा घेऊन वर येत असतानाच त्याला खेळावा लागला तर आणखी खाली.

सात फुटांचा ड्रॉप बेसलाइनवरून सुटला की जमिनीला टेकेपर्यंत साधारण सव्वा सेकंद घेतो. नेटवरून जाताना तो नेटच्या पाच-सहा इंच वर असतो. त्याहून खूप वर असला की समजा उंच झालाय, टप्प्याची वाट बघायची गरज नाही. बेसलाइनपासून किचनची लाइन १५ फूट. सव्वा सेकंदात आणि टप्प्यानंतरच्या क्षणात तुम्ही त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर कापू शकता, सगळं नाही. म्हणून बेसलाइन भाऊंचं "थांबू नका" मला पटत नाही. समोरच्याचं पॅडल बॉलला लागायच्या क्षणी तुमचे दोन्ही पाय जमिनीवर असायला हवेत, गुडघे वाकलेले, पॅडल पोटासमोर. पळता पळता आलेला बॉल पायातच जाणार. तिथून पाचवा फटका पुन्हा तसाच हळू सोडायचा आणि उरलेलं अंतर कापायचं. एका ड्रॉपमध्ये लाइन गाठायची हा हट्ट सोडा.

बेसलाइन_टेनिस

पाय ठेवण्याबद्दल माझा गैरसमज होता, धन्यवाद. पण ड्राइव्हचं काय? रिटर्न आखूड आणि उंच आला तरी ड्रॉपच मारायचा?

रावपुरा_बडोदे

तेव्हा ड्राइव्ह मी पण मारतो. त्यांनी तो कसाबसा अडवला की हळू परत येतो, मग पाचव्याला ड्रॉप सोडायला सोपं जातं. पण रिटर्न तुमच्या पायाशी बेसलाइनवर पडलेला असताना ड्राइव्ह मारलात तर तो पाऊण सेकंदाच्या आत समोरच्याच्या पॅडलवर असतो. तो नुसता अडवतो आणि तुम्ही अजून जागेवरून हललेलेही नसता. आमच्याकडे काही जण तरीही ड्राइव्हच मारतात आणि जिंकतात, त्यामुळे यात ठाम बोलणार नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

मी एकसष्ट वर्षांची आहे, ग्वाल्हेरला खेळते. गुडघ्याची तक्रार आहे, पळणं बंद. ड्रॉप माझा छान पडतो हो, पण मी मागेच राहते आणि आमचे जोडीदार पुढे जातात. मग समोरचे सगळे बॉल माझ्याच बाजूला टाकतात. माझ्यासारखीने काय करावं?

रावपुरा_बडोदे

काकू, तुमचा ड्रॉप तिरका टाका, समोरासमोर नको. तिरका जायला अंतर जास्त, नेटही मधे खाली, म्हणून चूक कमी होते. तो हवेत असताना दोन पावलं चाला आणि थांबा, पुढच्या ड्रॉपवर आणखी दोन. आणि जोडीदाराने तुमच्याबरोबरच चालावं, एकटं पुढे पळू नये. एक पुढे आणि एक मागे असले की मधे तिरकी वाट मोकळी सुटते, समोरचे तिथेच मारतात. गुडघ्याला हे थांबणं-चालणं सोसेल का, ते मात्र मी सांगू शकत नाही.

पलासिया_सकाळ

पहाटपाळी, एक वेगळी गोष्ट. तुमच्या हॉलमध्ये किचनची लाइन वेगळी आखली आहे का? कोर्ट बॅडमिंटनचंच चालतं, २० बाय ४४ फूट, पण बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचन सात फुटांचं. आमच्याकडे तीच जुनी लाइन धरायचे. समोरचा सहा इंच जवळ उभा राहतो, त्याचा हात तेवढा पुढे पोचतो आणि चांगला ड्रॉपही तो हवेतच उचलतो. आम्ही पिवळी टेप लावली तेव्हा फरक जाणवला. नेट मधे किती इंच आहे तेही टेपने मोजा. बॅडमिंटनच्या जाळीला मधे पट्टा नसतो, ती कधी फार ताठ तर कधी लोंबते.

पहाटपाळी_इंदूर

दहा दिवसांनी लिहितोय. लाइन खरंच साडेसहा फुटांवर होती, टेप लावली. नेट मधे ३७ इंच निघालं, दोरी सैल करून ३४ वर आणलं.

उंचीसाठी बायकोने युक्ती काढली. नेटच्या आमच्या बाजूला, बेसलाइन आणि नेटच्या मधोमध, दोन स्टँडना सात फुटांवर दोरी बांधली आणि बॉल तिच्या खालून काढायचा. पहिल्या दिवशी माझे निम्मे नेटमध्ये गेले. कारण कळलं: मी बॅडमिंटनसारखं मनगट झटकत होतो. मनगट गप्प ठेवून, पॅडल सैल धरून, गुडघ्यातून उठत खांद्याने बॉल नुसता वर नेला तेव्हा तो दोरीखालून जाऊ लागला. बॉल शरीराच्या पुढे घेतला तरच हे जमतं. तो बाजूला आला की मनगट आपोआप फिरतं.

थांबायचं अजून अंगवळणी पडलेलं नाही. बायको आता "थांब" म्हणून ओरडते, समोरच्याचं पॅडल मागे गेलं की. पाचव्या फटक्यापर्यंत आम्ही दोघं सोबत असतो हे मात्र रोज दिसतंय. काल आमच्या सर्व्हिसवर सलग चार गुण घेतले.

एक प्रश्न उरला. तिच्या बॅकहँडला बेसलाइनवर खोल रिटर्न आला की ती मागे सरकत मारते आणि ड्रॉप उंच जातो. तिने सर्व्हिसनंतर आधीच एक पाऊल मागे उभं राहावं, की तो बॉल सोडून मी मधे शिरून घ्यावा? मी शिरलो तर माझी बाजू उघडी पडते.

रावपुरा_बडोदे

सर्व्हिसनंतर तिने बेसलाइनच्या दोन-तीन फूट मागेच राहावं, आत पाऊल टाकूच नये. पुढे येत मारलेला ड्रॉप खाली राहतो, मागे जात मारलेला वर जातो. तुम्ही मधे शिरण्याबद्दल आमच्या जोडीतही अजून एकमत नाही. टेबल टेनिसवाल्या आहेत ना त्या? मग खालून कापलेला बॅकहँड एकदा करून बघायला सांगा, आणि शूटिंग टाका.