मदत हवी आहे : टाकीवरचा थर्मामीटर बागेतल्यापेक्षा जास्त तापमान दाखवतोय

कादवाकाठ
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात नदीच्या बाजूला तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. मणी फुगवणीत आहेत आणि थंडी वाढलीय, म्हणून दोन डिजिटल थर्मामीटर आणले. एक बागेत ओलांड्याच्या उंचीवर बांधला, दुसरा घराशेजारच्या पाण्याच्या टाकीवर, जमिनीपासून साधारण 40 फुटांवर. आज पहाटे साडेपाचला बागेत 5.2 आणि टाकीवर 8.1. काल आणि परवाही असाच फरक होता.

मुलगी नववीत आहे. ती म्हणते, पुस्तकात तर वर जावं तसं दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी तापमान उतरतं असं दिलंय. मग टाकीवर जास्त कसं? दुकानदार यंत्र बदलून द्यायला तयार आहे. बदलू का? तिचा आणखी एक प्रश्न आहे: 40 फुटांवर गरम, तर त्याच्या वर काय? तिला वातावरणाच्या थरांचा तक्ता करायचा आहे, म्हणून तोही इथेच विचारतो.

सह्यभटक
थर्मामीटर गंडलाय, बदला. कळसूबाई 1646 मीटर, दर हिवाळ्यात जातो. पायथ्यापेक्षा माथ्यावर नेहमी गारठा जास्त. शिवाय टाकीचं सिमेंट दिवसभर तापतं, रात्रभर तीच ऊब तुमच्या यंत्राला लागत असणार.

हवापाणी
दादा, घाई करू नका. सह्यभटकांचा सिमेंटचा मुद्दा बरोबर आहे, यंत्र भिंतीपासून हातभर लांब बांबूवर बांधा. पण तीन अंशांचा फरक तेवढ्याने येईल असं वाटत नाही.

हवेला ऊन फारसं थेट तापवत नाही. ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. चूल खाली आहे, म्हणून दिवसा वर जावं तसं गार. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हीच जमीन आपली उष्णता आभाळाकडे टाकून सर्वांत आधी गार होते आणि तिला चिकटलेली हवा गारठते. वरच्या हवेला ते लगेच कळत नाही. गार हवा जड, ती उतारावरून ओघळून नदीकाठच्या सखल भागात साठते, म्हणजे नेमकी तुमच्या बागेत. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. साडेसहा अंश ही सरासरी आहे, प्रत्येक पहाटेचा नियम नव्हे.

यंत्र तपासायचं तर दोन्ही एकाच भांड्यात, बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ठेवा (यंत्राला पाणी चालत असेल तरच, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत). दोन्ही शून्याच्या आसपास दिसली पाहिजेत. मग जागा अदलाबदल करून बांधा. आणि दोन्हींवर छोटं छप्पर करा, कारण उघडं यंत्र स्वतःच आभाळाकडे उष्णता टाकतं आणि हवेपेक्षा कमी आकडा दाखवतं. तुमच्या बागेतल्या आकड्यात तीही चूक थोडी असू शकते.

उन्हाळकांदा
थर्मामीटर केवढ्याला पडला? आमच्याकडे रोपांवर करपा आलाय, थंडीमुळेच असेल का? फोटो टाकतो संध्याकाळी.

हवापाणी
करप्यासाठी वेगळा धागा काढा भाऊ, इथे हरवून जाईल.

कादवाकाठ
केलं सगळं. बर्फाच्या पाण्यात एक 0.3, दुसरा 0.1. अदलाबदल केली, छप्पर घातलं, टाकीवर बांबू लावला. तरी पहाटे बागेत 5.6 आणि वर 7.9. गंमत म्हणजे परवा रात्री ढग आले होते, तेव्हा दोन्हीकडे 11 च्या आसपास, फरक जवळजवळ नाहीच.

हवापाणी
मग यंत्रं ठणठणीत आहेत. ढग जमिनीची उष्णता शोषून पुन्हा खाली पाठवतात, म्हणून त्या रात्री फरक मिटला. आणखी एक पाहा: पहाटे शेकोटीचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. वरची ऊबदार हवा त्याला झाकणासारखी अडवते. ऊन चढून जमीन तापली की झाकण मोडतं आणि धूर सरळ वर जातो.

आता मुलीचा प्रश्न. हेच झाकण खूप वर, आपल्या भागात साधारण 16-17 किलोमीटरवर, कायमचं बसवलेलं आहे. तिथवर तपांबर. ढग, पाऊस, गारा, सगळा धिंगाणा त्याच्या आतच. उन्हाळ्यात गारपिटीचा ढग लांबून पाहिलात तर त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला दिसतो. तो तुमच्या शेकोटीचाच धूर समजा, फक्त झाकण 16 किलोमीटरवरचं. तिथे उणे 80 च्या जवळपास थंडी असते आणि तिथून वर तापमान पुन्हा चढू लागतं.

तुमच्यासारखीच शंका एका फ्रेंच माणसाला आली होती. टेसरॉं द बोर पॅरिसजवळून फुग्यांना यंत्रं बांधून सोडायचा. साधारण 11 किलोमीटरच्या वर तापमान उतरायचं थांबलं, तेव्हा त्याला वाटलं की उन्हाने यंत्रच तापतंय. म्हणून त्याने रात्री फुगे सोडले. तरी तेच. दोनशेहून जास्त उड्डाणांनंतर 1902 मध्ये त्याने हा निराळा थर असल्याचं जाहीर केलं. तेच आपलं स्थितांबर.

सह्यभटक
मान्य, हरलो. पण स्थितांबरात विमानं उडतात ना? आणि तिथे ओझोन आहे म्हणून गरम, एवढं आठवतंय.

हवापाणी
ओझोन बरोबर, विमान अर्धं बरोबर. विमानं 10 ते 12 किलोमीटरवर असतात. युरोपच्या आभाळात तपांबर तिथेच संपतं, म्हणून ती स्थितांबरात शिरतात. नाशिकवरून जाणारं विमान अजून तपांबरातच असतं, म्हणून तर पावसाळ्यात त्याला उंच ढगांना वळसा घालावा लागतो.

ओझोन सर्वांत दाट 20-25 किलोमीटरच्या पट्ट्यात, पण सर्वांत गरम जागा 50 किलोमीटरच्या जवळ, जवळपास शून्य अंश. कारण अतिनील किरण वरून येतात आणि वरच्या ओझोनलाच आधी गाठतात. शिवाय तिथली हवा विरळ, थोड्या उष्णतेनेही लवकर तापते. मुलीला सांगा, इथे चूल वरच्या बाजूला आहे.

त्याच्या वर मध्यांबर. ओझोन संपत आला, चूल नाही, म्हणून पुन्हा उतरण, 85 किलोमीटरवर उणे 90 पर्यंत. बहुतेक उल्का या थराच्या वरच्या भागात जळतात. त्याहून वरच्या थरात आकडा हजार अंशांच्या पुढे जातो, पण हवा इतकी विरळ की तिथे हात बाहेर काढला तर भाजणार नाही. कणांचा वेग प्रचंड, संख्या नगण्य. तरीही 400 किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकाला ती विरळ हवा घासते आणि त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं.

कादवाकाठ
तिने तक्त्यावर तापमानाची नागमोडी रेघ काढलीय आणि अगदी तळाशी आमची टाकी. आता माझं काम. वरची हवा ऊबदार आहे, तर मोठा पंखा लावून ती खाली ओढता येईल का? की शेकोट्याच बऱ्या? या चढ-उतारात मणी गुलाबी पडायची भीती आहे.

द्राक्षमळा
आम्ही शेकोट्याच करतो. धुराचं पांघरूण बसतं बागेवर.

हवापाणी
पांघरूण म्हणून धुराचा उपयोग फार कमी. त्याचे कण इतके बारीक की जमिनीची उष्णता आरपार जाते. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि तीही लहान लहान, बऱ्याच ठिकाणी लावली तर. एक मोठा जाळ झाकण फोडून वर निघून जातो. पंखा परदेशात वापरतात, पण तो वर जेवढी ऊब असेल तेवढीच खाली आणणार. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री काही देणार नाही. तीन एकरांना परवडेल का, ते मला सांगता येणार नाही. आधी बांबूवर 10, 20 आणि 30 फुटांवरही मोजा.

द्राक्षमळा
पहाटे ठिबक चालू ठेवून पाहा, विहिरीचं पाणी कोमट असतं. आमच्याकडे फरक वाटतो. मोजला मात्र कधी नाही.

कादवाकाठ
उद्यापासून अर्ध्या बागेत ठिबक, अर्ध्यात नाही. तिसरा थर्मामीटर आणतो. आठवड्याने आकडे टाकतो.